पुढे ढकललेला हलका आठवडा

माझी मुलगी सतरा वर्षांची होती तेव्हा मीच तिचा कोच होतो. मी ओझरच्या कारखान्यात नोकरीला. तरुणपणी जिल्हा पातळीपर्यंत धावलो, पुढे जमलं नाही. तिच्या पायात ते आपसूक आलं होतं. पहाटे साडेपाचला आम्ही दोघं इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर असायचो. सात वाजले की मी फर्स्ट शिफ्टच्या लोकांचे फोन घ्यायला लागायचो आणि ती स्ट्रेचिंग करत माझ्याकडे बघून हसायची.

राज्य स्पर्धेसाठी निवड चाचणी होती, तीन हजार मीटरची. मी पंधरा आठवड्यांचा तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. तीन आठवडे चढते, चौथा हलका. पहिले तीन आठवडे छत्तीस, चाळीस, चव्वेचाळीस किलोमीटर आणि चौथ्याला तीस. म्हणजे साधारण एक तृतीयांश कमी. धावायचे दिवस तेवढेच ठेवायचे, पण प्रत्येक दिवस आखूड. रविवारची लांब धाव चौदावरून नऊवर. चारशे मीटरच्या आठ फेऱ्यांऐवजी चारच, वेग मात्र तोच, म्हणजे पाय सुस्त होत नाहीत.

ट्रॅकवर एक निवृत्त क्रीडाशिक्षक यायचे. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो. त्यांनी तक्ता मोबाइलवर बघितला आणि म्हणाले, "चांगला आहे. पण पोरगी वाढीच्या वयात आहे. दर तिसरा आठवडा हलका केलात तरी काही बिघडत नाही. आणि एक लक्षात ठेवा, दम चार आठवड्यांत वाढतो, हाडाला वेळ लागतो. ते आधी थोडं झिजतं, मग भरून येतं. भरायला सवड दिली नाही तर झिजतच राहतं."

मी मान डोलवली. खरं सांगायचं तर मनात म्हटलं, सरांचा जमाना वेगळा होता.

पहिला हलका आठवडा झाला आणि त्यानंतरच्या मंगळवारी ती कधी नव्हे इतकी सुंदर धावली. दुसऱ्याच्या वेळीही तेच झालं. तेहतीस किलोमीटरचा आठवडा संपला आणि तिने स्वतःच्या वेळेतून अकरा सेकंद काढले. आई घरी पोहे करत होती, पोरीने आत येऊन तिला उचललंच. "पप्पांना विचार!" म्हणून ओरडत होती. पद्धत बरोबर चालली होती, याहून मोठा पुरावा काय हवा होता?

आणि नेमकी तिथेच माझी मती फिरली.

नववा, दहावा, अकरावा आठवडा झाला. सेहेचाळीस, पन्नास, त्रेपन्न. बारावा हलका होता, छत्तीसचा. ती इतकी छान धावत होती की मला थांबवावंसं वाटेना. मला दिवाळीची सुट्टी होती, रोज ट्रॅकवर दोन तास देता येत होते. चाचणी पंधराव्या आठवड्याच्या शेवटी. त्याआधीचे दहा दिवस तसंही सगळं कमी करायचंच होतं. मग हा हलका आठवडा वाया कशाला घालवायचा? तोही त्याच दहा दिवसांत धरू, असा मी हिशोब लावला.

सोमवारी बूट बांधता बांधता तिने विचारलं, "पप्पा, ह्या आठवड्यात खाली यायचं आहे ना? तक्त्यात छत्तीसच आहेत."

"पुढच्या आठवड्यात येऊ, बेटा. आत्ता लय भारी चाललंय."

ती लेसची गाठ आवळत म्हणाली, "बरं."

त्या आठवड्यात छप्पन्न झाले, पुढच्या आठवड्यात अठ्ठावन्न. दोन दिवस ती जिना उतरताना कठड्याला धरत होती. मी विचारलं तर "थोडं आखडलंय" म्हणाली. सकाळी उठल्यावर नाडी मोजून वहीत लिहायची तिला सवय होती. नेहमी बावन्न-त्रेपन्न असायची. त्या दिवसांत साठ, बासष्ट लिहिलेली मी पाहिली. उकाडा असेल, झोप झाली नसेल, असं मी स्वतःलाच सांगितलं. नोव्हेंबरात कसला उकाडा?

तेराव्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी, लांब धावेत ती अकराव्या किलोमीटरला थांबली. मी सायकलवर मागे होतो. ती रस्त्याच्या कडेला उभी होती आणि एक बोट नडगीच्या पुढच्या बाजूला, एकाच जागेवर टेकवून बघत होती. रडत नव्हती.

"इथंच आहे," ती म्हणाली. "हात लावला तरी कळ जाते."

"कधीपासून?"

ती माझ्या सायकलच्या कॅरिअरवर येऊन बसली.

एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. मला हायसं वाटलं, लगेच चाचणीचे दिवस मोजायला लागलो. डॉक्टर मात्र एमआरआयवर अडून बसले. त्यात नडगीच्या हाडाच्या पुढच्या कडेला बारीक तडा निघाला. तिथे रक्तपुरवठा कमी असतो, भरायला खूप महिने लागतील, कदाचित स्क्रू टाकावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. मग तिच्याकडे वळून हळूच विचारलं, "पाळी नियमित येते का?"

तिने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "चार महिने आलेली नाही."

डॉक्टर म्हणाले, धावणं जास्त आणि खाणं कमी पडलं की पाळी थांबते, आणि मग हाडंही कमकुवत होतात. गाडीत बसल्यावर मी बायकोला म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

"अहो, कसं सांगणार? तीच म्हणाली, पप्पांना सांगू नकोस, ते काळजी करतील आणि धावणं बंद करतील."

"मग बंद केलंच असतं."

"केलं असतं?" तिने विचारलं. ती रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी गाडी सुरू केली.

चाचणीच्या दिवशी आम्ही कोणीही त्या बाजूला फिरकलो नाही. पुढे वर्षभर उपचार चालले, स्क्रूही बसला. हाड जुळलं. ती पुन्हा ट्रॅकवर आली, दोनशे मीटर चालत, शंभर धावत. सर रोज तिच्यासोबत चालायचे. मला एका शब्दानेही त्यांनी कधी टोकलं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

एक दिवस तिने बूट घराबाहेरच्या कपाटात ठेवले आणि म्हणाली, "पप्पा, आता बास." त्या सकाळी मी तिला अडवलं नाही.

आता ती पुण्यात कॉलेजला आहे. वसतिगृहातून फोन करते, माझी शुगर विचारते. गेल्या सुट्टीत आम्ही दोघं दुपारी गच्चीवर पापड उलटत होतो. हिंमत करून मी विचारलं, "त्या आठवड्यात तुला दुखत होतं ना? मला म्हणाली का नाहीस?"

तिने पुढचा पापड उलटला. मग म्हणाली, "म्हटलं होतं ना, खाली यायचं का म्हणून."

"ते तसं नाही. दुखतंय असं."

"तुम्ही इतके खूश होता, पप्पा. दिवाळीत रोज सकाळी माझ्या आधी उठून तयार असायचात. मी लहान असल्यापासून तुम्हाला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, आणखी एक आठवडा काढू."

ती जवळ आली, पदराला हात पुसावेत तसे माझ्या शर्टाला हात पुसले आणि म्हणाली, "जाऊ दे हो." लहानपणी ती असंच करायची. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो राहू दिला.

माफी मागायची मला तेव्हाही जमली नाही. छत्तीस किलोमीटरचा तो एक आठवडा होता. सात पहाटा. तेवढ्याच तिच्या हाडाला द्यायच्या होत्या मला.