दाण्याएवढा केस

लातुरात मला पार्लरवाल्या आपांनी सांभाळलं, हे आधी लिहिते. बाकीचं त्यांच्यामुळेच.

सातवीतून शाळा सुटलेली मी हिमायतनगराकडून आले, ती त्यांच्या पार्लरात. भिंतीला भूकंपाची भेग तशीच होती, आणि दारात कोचिंग क्लासच्या पोरींची रांग. आपांकडे शिकणाऱ्या दोघी: मी आणि मुरुडची एक बारावी पास. लग्नाचा हंगाम संपला की एकीलाच ठेवणार, हे ठरलेलं. मला परत जायचं नव्हतं.

ती दर रविवारी घरी जाऊन यायची, डब्यात आईच्या हातचं आणायची. त्याहून जास्त मी तिच्या काखेवर जळायचे. वॅक्सची पट्टी ओढली तरी तिथे एक पुरळ उठत नसे. माझी काख वस्तऱ्यानं दुसऱ्या दिवशी खाजायची, बारीक फोड यायचे. केस काढायचं क्रीम थोडंसं लावून पाहिलं, तर लगेच चरचरलं. तरी मनात एकच, तिला जमतं ते मला का नाही?

आपा म्हणाल्या होत्या, "दाण्याएवढा केस होऊ दे, मगच वॅक्स."

मी मोजला आणि आपा बाजारात गेल्या असताना तिच्याकडून वॅक्स करून घेतलं. आखूड केस पट्टीला येईनात. मीच म्हणत राहिले, "अजून एकदा ओढ." चौथ्यांदा सालटंच निघालं.

दुसऱ्या दिवशी थ्रेडिंगला हात वर होईना. आपांनी मला पडद्याआड नेलं.

"कोणता दाणा मोजलास गं?"

"जवारीचा."

बारावी पास पडद्यापलीकडून खुदकन हसली. "आपा, ही भाकरीच थापायली का काखेत?"

आपा हसल्या नाहीत. "मी तांदळाचा म्हणत होते, तो लांब असतो. सांगायला मीच चुकले, बेटी." थंड पाण्याची घडी ठेवली, पावडर-सेंट बंद केलं, सैल सुती झंपर दिला. कातडी भरून आल्यावर छोटा ट्रिमर हातात ठेवला. "तुझ्या कातडीला हेच. थोडे खुंट राहू देत. गुळगुळीत दिसायचा हट्ट कुणासाठी?"

कुणासाठी ते मला माहीत होतं, ती पडद्यापलीकडेच होती.

पुढच्या आठवड्यात क्लासची एक पोर आली, बहिणीच्या लग्नासाठी वॅक्स हवं म्हणून. बारावी पास वॅक्स गरम करायला निघाली. मी पोरीचा हात वर करून पाहिला, काख लाल होती.

"क्रीम लावलंस का?"

"परवा. लई आग झाली, ताई."

"मग वॅक्स न्हाई. आज ट्रिम सुद्धा न्हाई. लाली गेली की ये, ट्रिम करून देते."

ती गेली. गिऱ्हाईक घालवलं म्हणून आपांकडे न बघता मी झाडू घेतला. आपा एवढंच बोलल्या, "हंगामानंतर हीच राहील."

मुरुडची गेली तेव्हा तिच्या डब्याची आठवण आली, आणि थोडी लाजही.

आपा, आता थ्रेडिंगचा दोरा धरताना तुमचा हात थरथरतो. माझं पार्लर निघेल त्या दिवशी तुम्हाला तिथं नेईन. तुम्ही नुसतं बसायचं, शिकायला आलेल्या पोरींना दाणा कोणता ते सांगायचं. हात माझे.