नऊ, नऊ, नऊ, बारा

परिचारिका विद्यालयातल्या पोरी तिला पेन्सिलबाई म्हणत. गुणवत्ता यादी एकतीस वर्षं तीच करत आली. निकाल लागला की पहिली यादी पेन्सिलीने. फेरतपासणीची मुदत संपली, शेवटचा लिफाफा उघडला, की मगच शाई. कुणी आनंदाने उड्या मारायला लागलं तर म्हणायची, “पेन्सिलीवर नाचू नका गं, पाय घसरतो.”

त्या वर्षी तिची भाचीच यादीत होती. नवरा गेल्यापासून बाई भावाकडे राहायची. भावाचा कमरेखालचा भाग लुळा पडलेला. घर चालायचं ते हिच्या पगारावर आणि भाची औषधाच्या दुकानात उभी राहायची त्यावर. इस्पितळात पक्क्या जागा अकरा, म्हणून अकराव्या क्रमांकापर्यंतच्या मुलींना नोकरी. भाचीला सहाशे नऊ गुण. तिच्यापुढे दहा जणी. क्रमांक अकरा.

ती दुसऱ्या कुणाची पोर असती तर बाईच्या तोंडून शब्द फुटला नसता. पण घरी आली, चपला काढल्या न काढल्या तोच म्हणाली, “अकरावी आलीस गं बाळा!” भाऊ तोंडावर पंचा धरून रडला. भाचीने दुसऱ्याच दिवशी दुकान सोडलं, आणि दुकानदाराने आठवड्यात तिथे दुसरी मुलगी ठेवली.

फेरतपासणीचा शेवटचा लिफाफा आला तो तेराव्या क्रमांकाच्या मुलीचा. सहाशे चार गुण होते तिचे. एका पेपरात पुरवणीतलं अख्खं उत्तर तपासायचंच राहिलं होतं. सात गुण वाढले. सहाशे अकरा.

बाईने यादी पुढ्यात ओढली. सहाशे अकराच्या दोघी आधीच होत्या, दोघी नवव्या. आता तिघी झाल्या. नवव्या दोघी नवव्याच राहिल्या, कारण त्यांच्यापुढे आठच जणी, तेवढ्याच. चौदाव्या क्रमांकापासून खालच्यांनाही धक्का नाही. ती मुलगी आधीही त्यांच्या पुढे होती, आताही पुढेच. हलल्या त्या मधल्या दोघी. सहाशे सातची बाराव्यावरून तेराव्यावर गेली. आणि सहाशे नऊची...

तिने बोट ठेवून मोजलं. पुढे अकरा. पुन्हा वरून मोजलं. अकराच. मग एकतीस वर्षांत पहिल्यांदा खालून वर मोजलं, आणि मोजताना देवाचं नाव घेतलं. देव तरी काय करील? एका पोरीचं खरं उत्तर त्याने नजरेला आणून दिलं होतं.

संध्याकाळी तिने घरी सांगितलं. भाऊ ताडकन म्हणाला, “तिघी नवव्या ना? मग नवानंतर दहाच येतात! शेंबडं पोरही सांगेल. ही दहावी झाली, उलट वर गेली!”

“दादा, क्रमांक एक असला तरी माणसं तीन आहेत. तिघींनी तीन जागा घेतल्या. दहा नाही, अकरा नाही, पुढचा क्रमांक बारा.”

“लिही की दहा! कोण बघतंय?”

“जागा अकरा आहेत. आठ आणि तीन अकरा झाल्या. मी दहा लिहिलं म्हणून बारावी जागा येणार आहे का तिथे?”

“एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींचं भलं केलंस,” भाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “घरच्या पोरीला मात्र नियम.”

भाची भांडी पुसत होती. तिने एवढंच विचारलं, “आत्या, तेव्हाही पेन्सिलच होती ना?”

तेव्हाही पेन्सिलच होती.

सकाळी तिने शाईने यादी लिहिली. नऊ, नऊ, नऊ, बारा. अक्षर नेहमीसारखंच गोल आलं. तिलाच त्याचा राग आला. प्राचार्यांची सही घेऊन तिने यादी फळ्यावर लावली. सात गुण वाढलेली मुलगी धावत आली आणि तिच्या पायाशी वाकली. बाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मनापासूनच ठेवला, पण हात जड होता.

गर्दी पांगल्यावर भाची आली. कार्यालयात आत्या म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असं तिला तीन वर्षं बजावलं होतं. पोरीच्या तोंडी ते कधी बसलं नाही. तिने यादीत आपल्या नावाच्या वरची नावं बोटाने मोजली. अकरा.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. मग पदर सावरून खिडकीशी आली. “गुणपत्रिका कधी मिळेल, बाई?”

“सोमवारी,” पेन्सिलबाई म्हणाली, आणि तिचं नाव वहीत लिहायला खाली वाकली, ती बराच वेळ वर झालीच नाही.