बटाट्याचा रकाना

माझ्या धाकट्या जाऊबाईंना अख्खी बिल्डिंग टेलरताई म्हणते. मी नुसतं ‘अगं’ म्हणते, आणि ती ‘ओ’ देते, पण हातातली कात्री खाली ठेवत नाही. माप घेतल्याशिवाय ही बाई कशालाच हात लावत नाही. घरच्या एका लग्नात माझ्या नवऱ्याने हिला वाढायला उभं केलं, तर हिने आधी पंगत मोजली होती.

त्यामुळे सणाच्या जेवणाचं काम तिच्याकडे आलं, ते बरंच झालं. आमच्याकडे सणाला सगळे मजले गच्चीवर एकत्र जेवतात आणि प्रत्येक घर एकेक पदार्थ आणतं. गेल्या वर्षी ज्याच्या त्याच्या मनाने झालं. केकच केक आले, आणि भाताचा पत्ता नाही. मुलांनी केक आणि लोणचं खाल्लं.

टेलरताईने आधी डोकी मोजली. मग रकाने पाडले: भाज्या, भात, पोळ्या, सॅलड, गोड, फळं. शिवाय बर्फ आणि वाढायचे डाव, कारण ते कुणालाच आठवत नाहीत. एक भांडं दहा ताटांना पुरलं पाहिजे. घराच्या नावापुढे पदार्थाचंही नाव लिहायचं, म्हणजे दोघांचं एकच व्हायला नको. आणि रकाना कुणासाठी राखून ठेवायचा नाही, जो आधी लिहील त्याचा. मी सॅलडचा रकाना माझ्यासाठी ठेव म्हणाले, कारण चिरण्यापलीकडे मला काही करायचं नव्हतं. सख्ख्या जावेला नाही म्हणाली!

यादी तिने बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली. ज्याने त्याने ती कॉपी करायची, आपली ओळ भरायची आणि परत पाठवायची. दोन दिवसांत यादी भरत आली. बटाट्याची भाजी बँकवालीने घेतली. टेलरताई खुशीत होती.

मग ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा सैल केलेला गाऊन द्यायला गेली. काकू पडल्या तेव्हापासून अंथरुणात आहेत. त्यांच्या बटाट्याच्या भाजीसाठी गेली कित्येक वर्षं आम्ही पातेल्याभोवती घोटाळायचो. कोपऱ्यात बटाट्यांची पिशवी होती, आणि काकूंचे यजमान, ड्रायव्हरकाका, ती टेलरताईपुढे सरकवून म्हणाले, “घेऊन जा गं. आम्हा दोघांना एवढे कशाला?”

“आम्हाला वगळलंत ते ठीकच केलंत,” काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या. “आता आमच्याच्याने होत नाही, हे लोकांना दिसतंच की.”

ती खाली आली ती थेट माझ्या दारात. चेहरा उतरलेला.

“मी कुठे वगळलं गं त्यांना?”

आम्ही दोघी ग्रुपवर वर वर सरकत गेलो. सापडलं. काकांनी बटाटे लिहून यादी पाठवली होती. जन्मात पहिल्यांदा. त्याच वेळी डेंटिस्टबाईंनी त्याच्या आधीचीच यादी कॉपी करून त्यात फळं भरली आणि पाठवून दिली. पुढच्या सगळ्यांनी डेंटिस्टबाईंची यादी उचलली. काकांची ओळ गळून पडली, आणि रिकामा दिसला म्हणून बटाट्याचा रकाना बँकवालीने घेतला. चूक कुणाचीच नव्हती, पण काकूंना ते कोण सांगणार?

टेलरताईनेच सांगितलं. त्याच पावली वर गेली, काकांनी पाठवलेली यादी उघडून फोन काकूंच्या हातात दिला. मग कपडे बेतायचा मोठा कागद जिन्याजवळ चिकटवला, सगळी यादी त्यावर उतरवली आणि ग्रुपवर लिहिलं: ‘यापुढे यादी एकच, ही. लिहायचं ते इथे येऊन. फोनवर फक्त फोटो येईल.’

बँकवाली तणतणत आली. “अहो, माझे बटाटे आणून झालेत!”

“काकांनी आधी लिहिलं होतं. आणि हे बघा, भात अजून कुणीच घेतलेला नाही.”

बँकवालीने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. गेल्या वर्षी तिच्याच मुलाने केक-लोणचं खाल्लं होतं. पेन घेतलं आणि भाताच्या रकान्यात मुकाट्याने नाव घातलं. “आठवडाभर घरात बटाटेच आता,” एवढं मात्र पुटपुटली.

सणाच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून आज्ञा ऐकू येत होत्या. “मोहरी तडतडू द्या! तडतडू द्या म्हटलं ना!” काका टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं घेऊन गच्चीवर आले तेव्हा घामाघूम झाले होते. भाजी तळाला जरा लागली होती. ते पातेल्यापासून हललेच नाहीत, कोण किती वाढून घेतंय ते बघत राहिले. बँकवालीने दोनदा घेतली, मी तीनदा. शेवटी पोरांनी तळही खरवडला.

टेलरताई पातेलं घासायला घेणार, तोच काकांनी ते ओढून घेतलं. “नको, असंच राहू दे. हिला दाखवायचंय.”

आम्ही दोघी त्यांच्या मागोमाग जिना उतरून दाराशी थांबलो. आत झाकण वाजलं.

“अगंबाई,” काकू म्हणाल्या, “लागलेलंसुद्धा खाल्लं?” आणि हसायलाच लागल्या. किती महिन्यांनी ते हसू ऐकलं.

“काकू,” टेलरताई बाहेरूनच ओरडली, “पुढच्या वर्षी बटाट्याचा रकाना तुमचाच! मी राखून ठेवणार!”

मी तिच्याकडे बघितलं. सॅलडचं काही बोलले नाही.