एकाच औषधाची दोन नावं

छापखान्यात जन्मभर चुका शोधलेल्या अक्कांचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे. थंडीच्या तोंडावर जावयाने औषधांची पिशवी आणली, तशी त्यांनी भिंग काढलं. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल आणि सर्दीच्या गोळीतही तेच! शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी औषधवाल्याला फोन लावला आणि घरात उरलेल्या अँटिबायोटिकचंही विचारलं.

तो म्हणाला, "दोन्ही एकदम घेऊ नका, डोस वाढून यकृतावर बेततं. आणि उरलेलं अँटिबायोटिक? फ्लूवर काडीचा उपयोग नाही."

थर्मामीटर, तापाच्या गोळ्या, नाकातले मिठाच्या पाण्याचे थेंब एवढंच औषधांच्या डब्यात गेलं.

तेवढ्यात जावई शिंकला.

"तुम्ही काय घेताय?" अक्कांनी रोखून विचारलं.

"दोन्ही. कालपासून."

अक्कांनी त्याला तडक डॉक्टरांकडे नेलं. तपासून डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात निभावलं."