साडेसोळा युनिटांत सोलापूर

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी मुरुमहून सोलापूरला न्यावं लागतं. अंतर पंचाऐंशी किलोमीटर. मागची एक पाळी चुकली, तेव्हा पाय सुजले आणि चार पावलं टाकली की दम लागायला लागला. त्यामुळे त्या दिवशी दहाची वेळ गाठायचीच होती.

आणि नेमकी आदल्या रात्री लाईट गेली. सकाळी विजेवरची गाडी पंचावन्न टक्केच चार्ज झालेली. पण काट्यापुढं अजून एकशे दहा किलोमीटर जाईल असं लिहिलेलं दिसलं आणि मी निर्धास्त झालो. गाडी नवीन, ती घेतल्याचा तोरा माझ्यात तेवढाच नवीन. हमरस्त्याला लागलो तसा शंभरचा वेग धरला, एसी लावला. जळकोटच्या आसपास पाहतो तर गाडी जेमतेम पंचवीस किलोमीटर आलेली आणि आकडा मात्र चाळीसनं घसरलेला. मी घाबरलो आणि अजून दाबली. बॅटरी संपायच्या आत पोचू, हा माझा हिशोब. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

अण्णांनी सारी नोकरी वीज खात्यात वायरमन म्हणून काढलेली. ते डोळे मिटून बसले होते, तसंच त्यांनी विचारलं, बॅटरी किती युनिटची? मी म्हणालो, तीस किलोवॅट-अवरची. म्हणजे तीस युनिटच की, ते म्हणाले.

"निघताना साडेसोळा युनिट व्हते. त्यातले पाच तू पंचवीस किलोमीटरात जाळलास. युनिटला पाच किलोमीटर. ऱ्हायलेल्या साडेअकरात सत्तावन्न जाशील, आन् जायाचंय साठ."

मी चिडून म्हणालो, "अण्णा, गाडीनंच एकशे दहा दाखवलं की."

"ती काल गावात हळू फिरली, त्यावरनं सांगती. साठानं चाल. वारा कापायलाच लई करंट जातो."

मुकाट्यानं वेग साठवर आणला, एसी बंद केला. ट्रक हॉर्न मारत पुढं जात होते. माझा जीव घड्याळात अडकलेला आणि अण्णा घामाघूम. नळदुर्ग ओलांडलं तेव्हा युनिटला साडेसात किलोमीटर पडत होते. टक्के अगदी सावकाश उतरत होते. दवाखान्याच्या फाटकात शिरलो तेव्हा बारा टक्के उरले होते आणि दहाला पाच मिनिटं कमी होती.

अण्णांना मशीन लागलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसून चक्क रडलो. सुटल्याचं रडू होतं ते. थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आल्या. आतून निरोप होता: गाडी लावली का चार्जिंगला? इथल्या पॉइंटवर तासाला तीन, चार तासांत बारा युनिट येतील, साठानं गेलं तर घर गाठून वर उरतील.

मी गाडी लावलीच नव्हती. तसाच उठून पळालो.