नऊशे मिली लघवी

तुमसरजवळच्या त्या दहा खाटांच्या दवाखान्यात मालनबाई सिस्टरच्या संशयातून कोणी सुटत नसे. रोग्यानं गोळी गिळली म्हटलं, की त्या त्याला जीभ वर करायला लावत. डॉक्टरांनी नाडी ऐंशी सांगितली, तरी पाठ फिरताच परत मोजत.

१९८३च्या भादव्यात राईस मिलचा हमाल तेजराम दोन दिवसांच्या हगवणीनं गळून आला. जीभ खारकेसारखी, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी, उठवून बसवला की रक्तदाब गडगडायचा. लघवी अर्धी वाटी, गडद. लघवी जितकी घट्ट तितका मोठा आकडा दाखवणारा काचेचा तरंगता मापक तिच्यात एक हजार पंचवीसवर थांबला. डॉक्टर म्हणाले, किडनी शाबूत आहे. रक्तच पोचत नाही म्हणून पाणी राखून ठेवतेय. सलाईन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी दाब सुधारला, जीभ ओलावली, पण लघवी आणखीच आटली. खाली कुठे अडलंय का, म्हणून डॉक्टरांनी ओटीपोट ठोकून पाहिलं. मूत्राशय फुगलेलं नव्हतं. रबरी नळी सहज आत गेली आणि पन्नासच मिली आली. मापक आता एक हजार दहावर होता, आणि सूक्ष्मदर्शकाखाली किडनीतून सुटून आलेली मातकट, दाणेदार नळकांडी दिसली. फार वेळ रक्त न मिळाल्यानं किडनीच आतून दुखावली होती. नळी काढून डॉक्टरांनी सलाईन कमी केलं आणि सांगितलं, उद्यापर्यंत लघवी वाढली नाही तर नागपूर. तेजरामची बायको धुरपता खाटेशी उभी राहून ऐकत होती.

तिसऱ्या सकाळी बाटलीत नऊशे मिली, अगदी स्वच्छ. डॉक्टर खूश. जातंय तेवढं पाणी भरून काढा, असं म्हणून सलाईनचा वेग वाढवायला सांगून ते ओपीडीत गेले.

मालनबाई तेजरामच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. डोळ्यांखाली सूज, मानेची शीर ताठ, पाठीला स्टेथोस्कोप लावला तर खाली फुप्फुसात पाणी साठल्याची बारीक चुरचुर. एवढी लघवी झालेला माणूस फुगतो कसा? त्यांनी सलाईन थांबवलं आणि बाटलीतली लघवी घेऊन तिच्यात मापक सोडला. तो एक हजार एकवर टेकला, जणू विहिरीच्या पाण्यात. दुखावलेल्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, तशी एवढी पातळही करता येत नाही. ती एक हजार दहावरच अडून बसते.

"धुरपता, हे कोनाचं व?"

"ह्यायचंच जी."

"मंग आता माह्यासमोर करू दे."

धुरपतानं पदर तोंडात धरला. "माह्या भावाले नागपूरले नेलं होतं, सिस्टरबाई. मेलेलाच आणला. मनून मी माठातलं ओतलं."

पुन्हा नळी घातली. चाळीस मिली, मापक एक हजार दहावर. डॉक्टरांचा चेहरा उतरला. सलाईन बंद झालं, जीप बोलावली. चिठ्ठी लिहून झाली, तर मालनबाईंनी ती वाचायला मागितली.

"नऊशे खोडा साहेब, चाळीस लिहा. नाईतर तिथले बी पानी भरत बसतील."

नागपुरात पोटात नळी घालून, डायलिसिसनं त्याचं रक्त साफ करत राहिले. अकराव्या दिवशी लघवी खरोखर वाढली. तिथल्या नर्सनं मालनबाईंना निरोप धाडला, की तेजरामची बायको बाटलीला कोणाला हात लावू देत नाही, आणि मोजताना आकडा तीनदा मोठ्यानं वाचायला लावते.