वेगळी चूल, एक कार्ड

माझ्या मुलानं दुसरी बाई घरात आणली, त्या दिवशी मी मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, तीन विटा मांडल्या आणि माझा भात वेगळा शिजवला. कुणाला काही सांगितलं नाही. आमच्याकडं चूल वेगळी झाली की गावाला धुरावरूनच कळतं. रेशन कार्ड मात्र एकच राहिलं. आमच्या गावात चुली वेगळ्या होतात, कार्ड कोणी वेगळं करत नाही. त्यासाठी तहसीलला खेटे घालावे लागतात, मजुरी बुडते.

सून त्याच्या आधीच गेली होती. गेली म्हणणं खरं नाही. मार खाऊन, दोन लेकरं घेऊन भावाच्या घरी पोचली. मोठी मुलगी शाळेत जाणारी, धाकटा अजून पदर धरून चालणारा. वर्षभर माझ्या मुलानं लेकरांच्या अंगावर एक कपडा घातला नाही. मग तिनं साकोलीच्या कोर्टात पोटगीचा अर्ज टाकला. वकील सरकारी मदतीतून फुकट मिळाली. बाईमाणूस होती, हळू बोलायची.

तिनं सुनेला सांगितलं की दोघांनाही कोर्टात लिहून द्यावं लागतं: कमाई किती, खर्च किती, नावावर काय आहे, कोणाला पोसता. सुनेच्या भावजयीनं सल्ला दिला, धानाच्या रोवणीची मजुरी लिहू नको, शिलाईचं सांगू नको. वकीलबाईनं डोळे वटारले. म्हणाली, सगळं लिही. बायको थोडंफार कमावते म्हणून पोटगी जात नाही, पण खोटं पकडलं गेलं तर तुझ्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. सुनेनं रोवणी लिहिली, शिलाईही लिहिली. लग्नाचे फोटो दिले, लेकरांचे जन्माचे दाखले, शाळेच्या पावत्या आणि धाकट्याच्या दम्याच्या औषधांची बिलं दिली. बिलं तिनं पिठाच्या डब्यात जपून ठेवली होती.

माझ्या मुलानं लिहिलं, मी मजूर. ट्रॅक्टर त्याच्या नावावर आहे. चिखलणीला अख्ख्या गावात फिरतो, मळणीला बाहेरगावी जातो. वकीलबाईनं ट्रॅक्टरच्या नोंदीचा कागद काढला आणि कोर्टाकडून बँकेला कर्जाचे कागद आणायला लावले. कर्ज घेताना त्यानं स्वतःच लिहून दिलं होतं की ट्रॅक्टरच्या भाड्यातून चांगली कमाई होते, हप्ता फेडीन. हप्ते भरलेही होते. मजुरीतून ट्रॅक्टरचा हप्ता कसा भरला, असं तिनं कोर्टात विचारलं.

पण त्यानं दुसरंही लिहिलं होतं. म्हातारी आई माझ्यावर अवलंबून आहे, तिचं खाणंपिणं, औषधपाणी, डोळ्याचं ऑपरेशन सगळं मी केलं. पुरावा म्हणून रेशन कार्ड जोडलं. कार्डावर मी कुटुंबप्रमुख, खाली त्याचं नाव, सुनेचं नाव, लेकरांची नावं. आईला पोसायचं असलं तर बायकोच्या वाट्याचं कमी होऊ शकतं. कोर्ट तेही बघतं. बघायलाच पाहिजे.

हे मला सुनेनं फोनवर सांगितलं. रडली नाही. फक्त म्हणाली, "आई, तुम्ही कोर्टात येऊ नका. तुमाले त्याच घरात राहाचं हाय."

मी पूर्ण रात्र नाही झोपले असं लिहिणार नाही. झोपले. सकाळी उठून चुलीतली राख काढली आणि मुलाला सांगितलं की मी साकोलीच्या कोर्टात जाते आहे.

तो ट्रॅक्टर पुसत होता. "कायले?"

"तू लिवलं का तू मले पोसतं. ते खोटं हाय म्हणून सांगाले."

तो हसला. त्याला वाटलं मी दारातूनच परत येईन. मग हसू गेलं आणि हातातलं फडकं तसंच राहिलं. म्हणाला, "माय, मी तुहा एकुलता एक हाव."

"म्हणूनच तं जाऊन राहिली," मी म्हटलं. बाहेर पडल्यावर ते किती वाईट वाक्य होतं हे माझ्या लक्षात आलं. पण परत फिरले नाही.

मी सुनेची साक्षीदार झाले. माझं म्हणणं वकीलबाईनं लिहून काढलं, वाचून दाखवलं, मी सही केली. चौथीपर्यंत शिकले, सही येते. पुढच्या तारखेला मुलाच्या वकिलानं उलटतपास घेतला. मुलगा समोरच्या बाकावर बसला होता. त्यानं दाढी केली होती. लहानपणी शाळेत पहिल्या दिवशी असाच ताठ बसला होता, हे तिथं आठवायला नको होतं.

वकील म्हणाला, मुलानं दुसरी बाई ठेवली म्हणून तुम्ही रागात आहात, म्हणून खोटं बोलता.

"राग हाय," मी म्हटलं. "खोटं नाई."

तो म्हणाला, कार्ड तर एकच आहे.

मी सांगितलं, कार्ड एक आहे, चुली दोन आहेत, गावात कोणालाही विचारा. शेत माझ्याही नावावर आहे, माझ्या हिश्श्याचं धान मी विकते, त्यावर खाते. ऑपरेशन भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात झालं, पैसे लागले नाहीत. डोळ्याला पट्टी होती तेव्हा मला भात कोणी भरवला, हे त्यानं विचारलं नाही. मीच सांगितलं. सुनेनं. धाकटा तेव्हा तिच्या पोटात होता.

न्यायाधीश साहेबांनी लिहिताना मान वर केली आणि विचारलं, आता तुम्हाला जेवायला कोण देतं?

"माही मीच."

मुलानं माझ्याकडं पाहिलं नाही. नंतर कधीच पाहिलं नाही.

निकाल सुनेच्या बाजूनं लागला. तिला आणि दोन्ही लेकरांना वेगवेगळी रक्कम, दर महिन्याला, अर्ज टाकला त्या तारखेपासून. तिची मजुरी हंगामी आहे, तेवढ्यात तिघांचं भागत नाही, असं कोर्टानं म्हटलं. धडधाकट माणसाला कमाई नाही म्हणून सुटता येत नाही, हेही म्हटलं. मागितलं तेवढं मिळालं नाही. औषधं निघतील, शाळा सुटणार नाही, एवढं मिळालं. पहिले काही महिने त्यानं दिले नाहीत. वकीलबाईनं वसुलीचा अर्ज केला, वॉरंट निघालं, तेव्हा दिले.

कोर्टाच्या पायऱ्यांवर सून माझ्या पाया पडली. धाकट्याला म्हणाली, आजी हाय, जा. तो तिच्या मागं लपला. त्याला माझी ओळख राहिली नव्हती. मी पिशवीतला मुरमुऱ्याचा लाडू काढला. त्यानं तो तिच्या हातून घेतला, माझ्या नाही.

मुलगा त्या बाईला घेऊन साकोलीत भाड्यानं राहायला गेला. शेजारीण म्हणते, पोराले कोर्टात उघडं केलंस, आता मरताना पाणी कोण पाजन? मी म्हणते, नळ हाय. ती हसते, मी हसत नाही.

मागच्या महिन्यात सुनेचा फोन आला. तिला माहेरी रेशन सुरू करायचं होतं, त्यासाठी माझ्या कार्डातून तिचं आणि लेकरांचं नाव कमी करावं लागणार होतं. मी तहसीलला गेले. खिडकीतल्या पोरानं विचारलं, आजी, कोणाची नावं काढायची?

मी म्हटलं, तिघांची. मग म्हटलं, पोराचंही काढ, तो इथं राहत नाही.

त्यानं कळा दाबल्या. माझ्याकडं बघून म्हणाला, मग तुम्ही एकट्याच राहता कार्डावर.

आता रेशन दुकानात अंगठा लावते, तेव्हा मशीनवर माझं एकटीचं नाव येतं. धान्य थोडं असतं. पिशवी हलकी असते, उचलायला त्रास नाही. सपरीतली चूल मी पुन्हा घरात आणली आहे. घर पूर्ण माझं झालं, पण भात अजून कधीकधी पूर्वीसारखा पाच जणांचा शिजतो.